सक्शन कॅथेटर मध्येच अडतो तेव्हा: जीबीएस रुग्णाच्या ट्रॅकिओस्टॉमीची काळजी, एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण परिचर्या महाविद्यालयाच्या कौशल्य प्रयोगशाळेत मॅनिकिनवर सराव करता यावा, यासाठी रचलेले आहे. सक्शनच्या पायऱ्या विद्यार्थ्यांना सहसा पाठ असतात. त्यांची कारणे मात्र तितकी पक्की नसतात, आणि पायऱ्यांचा क्रम बदलावा लागतो तेव्हा नेमकी कारणेच उपयोगी पडतात. म्हणून येथे सर्वसाधारण रुग्णाऐवजी एका ठरावीक रुग्णाची एक पहाट घेतली आहे आणि प्रत्येक कृती त्याच्या संदर्भात तपासली आहे.

रुग्ण

रुग्ण ४६ वर्षांचे गृहस्थ आहेत. निदान गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हापासून महाराष्ट्रात हे नाव घरोघरी माहीत झाले आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच परिघीय मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून सुरू झालेली दुर्बलता वर चढत जाते आणि काही रुग्णांत श्वासाचे, गिळण्याचे व चेहऱ्याचे स्नायूही निकामी होतात. आपल्या रुग्णाला कृत्रिम श्वसनाची गरज दीर्घकाळ लागणार हे स्पष्ट झाल्यावर शस्त्रक्रियेने ट्रॅकिओस्टॉमी करण्यात आली. आज तिचा नववा दिवस आहे. सातव्या दिवशी शल्यचिकित्सकांनी पहिली ट्यूब बदलून दुहेरी नळीची, कफचा फुगा असलेली ८.५ क्रमांकाची ट्यूब बसवली.

या रुग्णाबाबत तीन गोष्टी सुरुवातीलाच ध्यानात घ्यायच्या आहेत. पहिली, ते पूर्ण शुद्धीवर आहेत. त्यांना सारे ऐकू येते, समजते, दुखते. केवळ बोलता येत नाही आणि हात हलवता येत नाही. पापणी एकदा मिटली तर ‘हो’ आणि दोनदा मिटली तर ‘नाही’ असा संकेत ठरलेला आहे. दुसरी, त्यांना जोरात खोकता येत नाही, त्यामुळे श्वासनलिकेतील स्राव वर ढकलला जात नाही, आणि गिळता येत नसल्याने लाळ कफच्या फुग्याच्या वर साचून राहते. तिसरी गोष्ट सर्वांत सहज नजरेआड होते. जीबीएसमध्ये स्वायत्त मज्जासंस्थाही बिघडते, त्यामुळे नाडी आणि रक्तदाब विनाकारण वरखाली होतात आणि श्वासनलिकेला कॅथेटरचा स्पर्श होताच नाडी एकदम मंदावू शकते.

आदल्या दुपारी रुग्णाला व्हेंटिलेटरवरून काढून टी-पीसवर ठेवण्यात आले आणि ६ लिटर ऑक्सिजन सुरू करण्यात आला. त्यांनी हे चांगले सहन केले, म्हणून रात्रीही तसेच ठेवले गेले. मात्र हवा गरम व दमट करणारे उपकरण व्हेंटिलेटरच्या सर्किटमध्येच राहून गेले. टी-पीसमधून रात्रभर कोरडा ऑक्सिजन जात राहिला.

पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटे

श्वसनदर २२ वरून ३४ झाला आहे. ऑक्सिजन संपृक्तता, जिला आपण वॉर्डात सॅच्युरेशन म्हणतो, ती ९६ वरून ८९ टक्क्यांवर उतरली आहे. नाडी ११८ आहे. ट्यूबच्या तोंडाशी कान नेल्यास बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. छाती मात्र विशेष ओढली जात नाही, बरगड्यांमधील खळगे दिसत नाहीत, चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नाही. नवशिक्या नजरेला रुग्ण शांत वाटेल. ही शांतता फसवी आहे, कारण श्वास घेताना धडपड दाखवायला जे स्नायू लागतात तेच येथे दुर्बल आहेत. म्हणून या रुग्णात श्वसनदर, सॅच्युरेशन, आवाज आणि ट्यूबच्या तोंडाशी हाताला लागणारी हवा यांवरच विसंबावे लागते. पापणीच्या संकेताने “श्वास अडतोय का?” असे विचारले, तर उत्तर एका क्षणात मिळते, आणि ते विचारायलाच हवे.

सक्शन घड्याळ पाहून करायचे नसते, गरज पाहून करायचे असते. ट्यूबमध्ये दिसणारा स्राव, छातीवर हात ठेवल्यावर जाणवणारी घरघर, स्टेथोस्कोपने ऐकू येणारे खरखरीत आवाज, उतरणारे सॅच्युरेशन किंवा व्हेंटिलेटरवर वाढलेला दाब ही गरजेची लक्षणे होत. दर दोन तासांनी ठरवून सक्शन केल्यास श्लेष्मल त्वचेला विनाकारण इजा होते, आणि ती इजाच पुढे अधिक स्राव निर्माण करते. आपल्या रुग्णाला आता सक्शनची गरज आहे, याबद्दल शंका नाही.

कॅथेटरचा आकार

ट्रॉलीवर पांढऱ्या टोकाचे १२ फ्रेंचचे कॅथेटर ठेवलेले आहेत. ट्यूबच्या पट्टीवर ८.५ हा आकडा छापलेला आहे. नेहमीचे सूत्र असे की ट्यूबच्या आतल्या व्यासातून २ वजा करून येणाऱ्या संख्येला २ ने गुणावे. त्यानुसार १३ येतात, म्हणजे १२ चा कॅथेटर योग्य ठरतो. परंतु ८.५ हा बाहेरच्या नळीचा आतला व्यास आहे. इनर कॅन्युला, म्हणजे आतली नळी बसवल्यावर या ट्यूबमध्ये हवेसाठी ७ मिलिमीटरचीच वाट उरते. ७ वर तेच सूत्र लावले की १० येतात, म्हणून येथे काळ्या टोकाचा १० फ्रेंचचा कॅथेटर हवा. आतल्या नळीचा व्यास ट्यूबच्या वेष्टनावर लिहिलेला असतो. वेष्टनाचा तो तुकडा फाइलला लावून ठेवण्याची सवय मला फार मोलाची वाटते.

कॅथेटरची जाडी ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून अधिक नसावी. फ्रेंच आकड्याला ३ ने भागले की जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १० फ्रेंचचा कॅथेटर सुमारे ३.३ मिलिमीटर जाड असतो, तो ७ च्या निम्म्यात बसतो. १२ फ्रेंचचा ४ मिलिमीटर असतो, तो बसत नाही. सक्शन चालू असताना कॅथेटर केवळ स्राव ओढत नाही, हवाही ओढतो. कॅथेटरभोवती पुरेशी जागा असेल तर ओढल्या गेलेल्या हवेच्या जागी बाहेरची हवा आत येते. जागा नसेल तर ती हवा फुप्फुसातून खेचली जाते, वायुकोश मिटतात आणि सॅच्युरेशन घसरते. स्राव घट्ट आहे म्हणून जाड कॅथेटर घ्यावा हा विचार त्यामुळे घातक ठरतो.

तयारी

रुग्णाजवळ जाताना पहिले काम सांगण्याचे. “काका, श्वास अडतोय हे मला दिसतंय. आता नळी साफ करते. थोडा ठसका लागेल, दहा सेकंदांत कॅथेटर बाहेर काढते.” शुद्धीवर असलेल्या पण हलू न शकणाऱ्या माणसाच्या श्वासाच्या वाटेत न सांगता काही घालणे क्रूर आहे, आणि त्या भीतीने नाडी व रक्तदाब आणखी अस्थिर होतात. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर असावे. हात धुऊन मास्क, डोळ्यांचे आवरण व ॲप्रन घालावा. ट्रॅकिओस्टॉमीतून आलेला ठसका समोरच्याच्या तोंडावर येतो, म्हणून डोळ्यांचे आवरण ऐच्छिक मानू नये.

खाटेजवळ काय असावे हे पाहण्याची वेळ अडचण आल्यावर नसते, पाळी बदलताना असते. त्याच क्रमांकाची एक सीलबंद ट्यूब, त्याहून एक क्रमांक लहान दुसरी ट्यूब, ट्यूब घालताना लागणारा ऑब्ट्युरेटर, जादा आतली नळी, ट्रॅकियल डायलेटर, १० मिलिलिटरची सिरिंज, ऑक्सिजनला जोडलेली रिझर्व्हायरसह अँबू बॅग, तिला जोडता येणारा चेहऱ्याचा मास्क आणि चालू असलेले सक्शन एवढे सामान डोक्याशी दिसेल असे ठेवलेले असावे. आपल्या रुग्णासाठी डॉक्टरांच्या आदेशाने ॲट्रोपिनही हाताशी असायला हवे.

सक्शनचा दाब प्रौढांसाठी १०० ते १२० मिलिमीटर पारा ठेवावा, आणि तो नळीचे तोंड अंगठ्याने पूर्ण बंद करून मोजावा. तोंड उघडे असताना काटा कमी दाखवतो आणि पाहणारा दाब वाढवत नेतो. पुढे कॅथेटरचे छिद्र श्लेष्मल त्वचेला चिकटले की तो वाढवलेला पूर्ण दाब त्वचेवर पडतो आणि स्रावात रक्ताच्या रेषा दिसू लागतात. प्रयोगशाळेच्या तपासणी यादीत हातमोजे निर्जंतुक पद्धतीने घालण्याला भरपूर गुण असतात आणि अंगठा ठेवून काटा वाचण्याला बहुधा एकही नसतो. माझ्या मते हे प्रमाण बदलायला हवे.

कॅथेटर किती आत जाणार हेही आधीच मोजून घ्यावे. तेवढ्याच लांबीच्या जादा ट्यूबशेजारी, तिचे सील न फोडता, कॅथेटर वेष्टनासह धरला की अंदाज येतो. आपल्या रुग्णात जोडणीसह ट्यूबची लांबी ९ सेंटिमीटर भरते. त्यात १ सेंटिमीटर मिळवून कॅथेटर १० सेंटिमीटरच्या खुणेपर्यंतच घालायचा आहे. अडेपर्यंत ढकलायचे आणि मग थोडे मागे घ्यायचे, ही जुनी पद्धत कॅथेटरला श्वासनलिकेच्या दुभाजकावर आपटवते. तेथील त्वचा सोलली जाते, आणि नाडी मंदावणारी प्रतिक्षिप्त क्रियाही तेथूनच तीव्रपणे सुटते. जीबीएसच्या रुग्णात उथळ सक्शनचा आग्रह यासाठी धरायचा.

कॅथेटर सहाव्या सेंटिमीटरला थांबतो

आता मॅनिकिनवर कृती सुरू होते. सक्शनपूर्वी ३० ते ६० सेकंद शंभर टक्के ऑक्सिजन द्यावा, कारण पुढील काही सेकंद श्वासाची वाट आपणच अंशतः अडवणार आहोत आणि तेवढा साठा फुप्फुसात असावा लागतो. रुग्ण स्वतः श्वास घेत असल्याने अँबू बॅग त्यांच्या श्वासाबरोबरच, हलक्या हाताने दाबावी. येथे बॅग दाबताना हाताला कडकपणा जाणवतो. ही पहिली सूचना आहे. वाट मोकळी आहे याची खात्री नसताना बॅग जोराने दाबू नये. अडकलेली खपली खाली ढकलली जाऊ शकते. शिवाय ट्यूब जागेवरून सरकली असेल तर हवा मानेच्या ऊतींत शिरते आणि मान फुगते.

निर्जंतुक हातमोजे घालून उजव्या, म्हणजे सवयीच्या हातात कॅथेटर धरावा आणि दुसऱ्या हाताने सक्शनची नळी व ट्यूबची जोडणी हाताळावी. हा दुसरा हात आता निर्जंतुक राहिलेला नाही, हे सतत लक्षात ठेवावे. निर्जंतुक सलाइनमध्ये कॅथेटरचे टोक बुडवून थोडे ओढून पाहिले की सक्शन चालते हे कळते आणि कॅथेटर ओलाही होतो. कॅथेटर घालताना अंगठा छिद्रावर ठेवायचा नाही, म्हणजेच सक्शन न लावता आत जायचे. आत जाताना सक्शन लावले तर स्रावाआधी ऑक्सिजन ओढला जातो आणि टोक वाटेतच भिंतीला चिकटते.

कॅथेटर ६ सेंटिमीटरपर्यंत जातो आणि थांबतो. हा अडथळा ओळखण्यासाठी बोटांना जाणवणारा फरक शिकणे आवश्यक आहे. दुभाजकावर टेकलेला कॅथेटर लवचीकपणे थांबतो आणि बहुतेकदा ठसका येतो. खपलीवर टेकलेला कॅथेटर खरखरीत, घासल्यासारखा थांबतो, आणि ठसका येत नाही. शिवाय ट्यूबची लांबी ९ सेंटिमीटर असताना ६ वर थांबणे म्हणजे अडथळा ट्यूबच्या आतच आहे. खोली आधी मोजली नसती तर हा निष्कर्ष काढता आला नसता.

या क्षणी तीन चुकीच्या कृती हातून होण्याचा संभव असतो. एक, दाब वाढवणे. दोन, कॅथेटर जोराने पुढे रेटणे. तीन, सलाइनचे काही मिलिलिटर ट्यूबमध्ये सोडणे. तिसरी कृती आजही सर्रास होते, कारण सलाइनने चिकटा पातळ होतो असे वाटते. घट्ट झालेला स्राव आणि सलाइन काही सेकंदांत एकजीव होत नाहीत. सोडलेल्या सलाइनचा बराच भाग सक्शनमधून परत येत नाही, तो खाली जातो, बरोबर ट्यूबमधील जंतूही नेतो आणि सॅच्युरेशन आणखी उतरते. ज्याला खोकता येते त्याला निदान त्यामुळे ठसका तरी लागतो. आपल्या रुग्णाला तोही लागणार नाही.

योग्य कृती एकच आहे. कॅथेटर बाहेर घ्यावा, मदतीसाठी हाक मारावी आणि आतली नळी काढावी. दुहेरी नळीची ट्यूब निवडण्याचे कारणच हे असते की बाहेरची नळी जागेवर ठेवून अडलेली वाट काही सेकंदांत बदलता येते. एका हाताच्या दोन बोटांनी ट्यूबची पट्टी मानेवर स्थिर धरावी, दुसऱ्या हाताने आतल्या नळीचे कुलूप फिरवून सोडावे आणि नळी तिच्या वळणाच्या दिशेने, खाली व पुढे अशी ओढावी. पट्टी न धरता ओढल्यास संपूर्ण ट्यूबच बाहेर येण्याचा धोका असतो. “काका, आतली नळी अडली होती, ती काढली. लगेच मोकळं वाटेल.”

आतल्या नळीच्या खालच्या तिसऱ्या भागात पिवळट तपकिरी, वाळलेल्या डिंकासारखी खपली आढळते आणि उरलेली वाट काडीएवढी दिसते. नळी काढताच शिट्टीचा आवाज थांबतो, श्वसनदर खाली येऊ लागतो आणि दीड मिनिटात सॅच्युरेशन ९५ वर पोहोचते. जादा आतली नळी लगेच बसवून कुलूप लावावे. काही ट्यूबमध्ये अँबू बॅग किंवा व्हेंटिलेटर जोडण्याचे १५ मिलिमीटरचे तोंड आतल्या नळीवरच असते, म्हणून आतली नळी नसलेली अशी ट्यूब काही मिनिटेही तशीच ठेवली तर गरज पडल्यावर रुग्णाला बॅग जोडताच येत नाही. आपल्याकडील ट्यूब कोणत्या प्रकारची आहे हे प्रत्येक पाळीत पाहून घ्यावे.

आतली नळी काढूनही श्वास मोकळा झाला नसता आणि कॅथेटर बाहेरच्या नळीतूनही गेला नसता, तर पुढची पायरी कफचा फुगा रिकामा करण्याची होती, म्हणजे हवा ट्यूबच्या बाजूने वर नाकातोंडाकडे जाऊ शकते. या रुग्णात फुग्यावर लाळ साचलेली असल्याने तोंडाचे सक्शन त्याच वेळी तयार हवे. त्याबरोबर चेहऱ्यावर आणि मानेवरील छिद्रावर, दोन्हीकडे ऑक्सिजन द्यावा. एवढ्यानेही भागले नाही तर ट्यूब काढण्याचा निर्णय येतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात मार्ग पक्का झालेला नसतो आणि आंधळेपणाने घातलेली नवी ट्यूब श्वासनलिकेऐवजी समोरच्या ऊतींत शिरू शकते. तेव्हा मानेवरचे छिद्र झाकून तोंडावरून मास्कने श्वास देणे आणि भूलतज्ज्ञांना बोलावणे हाच मार्ग असतो. आपल्या रुग्णात नववा दिवस आहे आणि ट्यूब एकदा सुखरूप बदललेली आहे, तरीही ती बदलण्याचे काम अनुभवी डॉक्टरांचेच आहे. स्वरयंत्र पूर्ण काढलेल्या रुग्णाला तोंडावरून ऑक्सिजन देऊन उपयोग होत नाही, म्हणून मानेचे छिद्र कोणत्या शस्त्रक्रियेचे आहे हे खाटेवरील फलकावर ठळक लिहिलेले असावे.

वाट मोकळी झाल्यावरचे सक्शन

नव्या आतल्या नळीतून नवा १० फ्रेंचचा कॅथेटर १० सेंटिमीटरपर्यंत सहज जातो. आता अंगठा छिद्रावर ठेवून तो सावकाश, सलग बाहेर काढावा. घालण्यापासून काढण्यापर्यंत १० सेकंद, फार तर १५ सेकंद. कॅथेटरच्या टोकाला बाजूनेही छिद्रे असल्याने तो बोटांत गरगर फिरवण्याची आवश्यकता नाही. काही विद्यार्थी स्वतःचा श्वास रोखून वेळ मोजतात, पण त्याऐवजी सहकाऱ्याने मोठ्याने आकडे मोजावेत आणि नजर मॉनिटरवर ठेवावी.

पहिल्या वेळी घट्ट पिवळा स्राव येतो, नाडी ११० वर राहते. ऑक्सिजन देऊन मिनिटभर थांबल्यावर दुसऱ्यांदा कॅथेटर आत जातो आणि नाडी ४६ पर्यंत घसरते. सहकाऱ्याने “नाडी छेचाळीस” असे म्हणताच अंगठा उचलून कॅथेटर पूर्ण बाहेर काढायचा आणि शंभर टक्के ऑक्सिजन द्यायचा. स्राव उरला आहे म्हणून ‘एकदाच आणखी’ हा मोह येथे टाळायचाच. श्वासनलिकेतील स्पर्शाची संवेदना व्हेगस मज्जातंतूतून जाते आणि ऑक्सिजन कमी असताना तिची प्रतिक्रिया अधिक तीव्र होते, म्हणून स्पर्श थांबवणे आणि ऑक्सिजन देणे हे दोन्ही उपचार आहेत. अर्ध्या मिनिटात नाडी ९८ होते. झाली नसती तर डॉक्टरांच्या आदेशानुसार ॲट्रोपिन आणि आवश्यक तर पुनरुज्जीवन हा पुढचा टप्पा होता. या रुग्णात हा प्रकार एकदा घडला म्हणजे तो पुन्हा घडणार असे धरून चालावे, डॉक्टरांना कळवावे आणि प्रत्येक पाळीला तोंडी सांगावे.

एरवी एका बैठकीत तीनपेक्षा अधिक वेळा कॅथेटर घालू नये आणि दोन वेळांमध्ये रुग्णाला पूर्वस्थितीत येऊ द्यावे. श्वासनलिका झाल्यावर त्याच कॅथेटरने तोंडातील लाळ काढता येते, परंतु तोंडात गेलेला कॅथेटर पुन्हा ट्यूबमध्ये जाऊ नये. शेवटी कॅथेटर हाताभोवती गुंडाळून हातमोजा त्यावर उलटा काढला की दोन्ही एकत्र कचऱ्यात टाकता येतात.

ट्यूब, छिद्र आणि फुगा

काढलेली आतली नळी पुन्हा वापरण्याजोगी असेल तर निर्जंतुक सलाइनमध्ये बारीक ब्रशने दोन्ही बाजूंनी घासावी. खपली सुटत नसेल आणि उत्पादकाने परवानगी दिलेली असेल तरच पातळ केलेले हायड्रोजन पेरॉक्साइड वापरावे आणि नंतर सलाइनने नीट धुवावे, कारण राहिलेला अंश श्लेष्मल त्वचा जाळतो. नळी उजेडाकडे धरून आरपार पाहावी, झटकून थेंब काढावेत आणि निर्जंतुक झाकणात कोरडी ठेवावी. सामान्यतः दर आठ तासांनी आतली नळी तपासली जाते; आपल्या रुग्णात स्राव पातळ होईपर्यंत दर चार तासांनी तपासायची आहे.

छिद्राभोवतीची त्वचा सलाइनने ओल्या केलेल्या गॉजने छिद्राकडून बाहेरच्या दिशेने पुसावी, प्रत्येक वेळी नवा गॉज घ्यावा आणि कोरडी करावी. ट्यूबखाली ठेवण्यासाठी साधा गॉज कात्रीने कापू नये; कापलेल्या कडेचे धागे छिद्रातून श्वासनलिकेत जातात. त्यासाठी तयार चिरेचे ड्रेसिंग मिळते. मानेची पट्टी बदलताना दोन माणसे लागतात. एकाने ट्यूबची पट्टी धरून ठेवायची, दुसऱ्याने नवी पट्टी बांधायची आणि मगच जुनी सोडायची. बांधलेल्या पट्टीखाली एक बोट सरकावे. त्याहून सैल असेल तर ट्यूब हलते, त्याहून घट्ट असेल तर मानेवर व्रण पडतो आणि शिरांतील रक्त परतण्यास अडथळा येतो.

कफच्या फुग्याचा दाब मॅनोमीटरने मोजून २० ते ३० सेंटिमीटर पाणी एवढा ठेवावा. बाहेरचा छोटा फुगा बोटांनी दाबून केलेला अंदाज विश्वासार्ह नसतो. ३० च्या वर श्वासनलिकेच्या त्वचेतील रक्तपुरवठा दबतो आणि कालांतराने व्रण व आकुंचन होते. २० च्या खाली साचलेली लाळ फुप्फुसात झिरपते, आणि गिळता न येणाऱ्या या रुग्णात तिचे प्रमाण मोठे आहे.

मूळ कारणावर उपाय

सक्शनने खपली निघाली, पण ती तयार होण्याचे कारण अजून तसेच आहे. नाक हवेला गरम, दमट आणि गाळून घेते. ट्रॅकिओस्टॉमीने ती सारी वाट ओलांडली जाते. कोरड्या वायूने श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, स्रावातील पाणी उडते आणि ट्यूबच्या भिंतीवर थर बसत जातो. सकाळी डॉक्टरांनी टी-पीसला गरम दमटपणा देणारे उपकरण जोडण्याचा आणि सलाइनच्या नेब्युलायझेशनचा आदेश दिला. हवेची उष्णता व ओलावा धरून ठेवणारा फिल्टर हा दुसरा पर्याय असतो, परंतु स्राव इतका घट्ट असताना तोच चिकट्याने भरून वाट अडवू शकतो, म्हणून येथे तो वापरला नाही. शरीरात पाणी पुरेसे जाते का, हे पाहण्यासाठी द्रवपदार्थांची नोंदही तपासण्यात आली.

प्रयोगशाळेत हा प्रसंग उभा करायचा असेल तर एका जुन्या आतल्या नळीत भिजवलेला इसबगोल भरून रात्रभर वाळू द्यावा आणि ती मॅनिकिनच्या ट्यूबमध्ये बसवावी. विद्यार्थ्याला अडथळा आधी सांगू नये. कॅथेटर थांबल्यावर त्याचा हात दाबाच्या बटणाकडे जातो, सलाइनच्या सिरिंजकडे जातो की आतल्या नळीच्या कुलपाकडे, एवढेच पाहावे. दुसऱ्या सक्शनच्या वेळी शिक्षकाने नाडीचा आकडा उतरवून मोठ्याने वाचावा.

नोंद लिहिताना ‘सक्शन केले, रुग्ण स्थिर’ असे वाक्य अपुरे ठरते. या पहाटेची नोंद अशी हवी: ५.४० वाजता श्वसनदर ३४, सॅच्युरेशन ८९, नाडी ११८, १० फ्रेंच कॅथेटर ६ सेंटिमीटरवर अडला, आतली नळी काढली, खालच्या भागात वाळलेली खपली, नवी आतली नळी बसवली, सॅच्युरेशन ९५, सक्शन दोन वेळा, घट्ट पिवळा स्राव, वास नाही, रक्त नाही, दुसऱ्या वेळी नाडी ४६, सक्शन थांबवून ऑक्सिजन दिल्यावर अर्ध्या मिनिटात ९८, डॉक्टरांना ५.५० वाजता कळवले. दमटपणा देणारे उपकरण ६.२० वाजता जोडले. फुग्याचा दाब २६. पुढील आतली नळी तपासणी ९.४० वाजता.